गळालेल्या अटी
प्रस्तावना

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. पहिल्यांदा सापडल्यास पाच हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा ठरली. काही महिने बाजारात कापडी पिशव्या आणि कागदाच्या पुड्या दिसल्या. मग पातळ पिशव्या परत आल्या. फरक इतकाच, की आता त्यांच्यावर हिरवे पान छापलेले होते आणि शेजारी ‘बायोडिग्रेडेबल’, ‘इको-फ्रेंडली’ किंवा ‘आय ॲम नॉट प्लॅस्टिक’ असे काहीतरी लिहिलेले होते.

हे पान कुठून उगवले ते अधिसूचनेतच सापडते. रोपवाटिका, शेती आणि घनकचऱ्याची हाताळणी यांसाठी लागणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्यांना तिच्यात सूट होती आणि तो उपयोग पिशवीवर छापणे बंधनकारक होते. पुढे २०२२च्या अखेरीस, प्रमाणपत्र असेल तर कंपोस्टेबल पदार्थाचे एकदाच वापरायचे कप, ताटल्या, स्ट्रॉ यांनाही राज्याने वाट मोकळी केली. केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२पासून प्लॅस्टिकची हातपिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ असता कामा नये. कंपोस्टेबल पिशवीला मात्र जाडीची ही अट लागू नाही. म्हणजे आपल्याकडे हा शब्द गिऱ्हाइकाला भुलवण्याच्या आधी इन्स्पेक्टरला थोपवण्याच्या कामी येतो. परदेशी पुस्तकांत हरित जाहिरातींची चर्चा सापडते ती बहुतेक ग्राहकाच्या मनाभोवती फिरते. आपल्याला ती कायद्याच्या पळवाटेपासून सुरू करावी लागते, आणि हा संग्रह मराठीत काढावासा वाटला त्याचे पहिले कारण हेच आहे.

पर्यावरणाच्या क्षेत्रात आज सर्वांत जास्त ताणले जाणारे शब्द चार: शाश्वत, जैवविघटनशील, कार्बन फूटप्रिंट आणि नवीकरणीय. चौघांच्या जन्मकथा वेगळ्या आहेत, पण घडण एकच. वैज्ञानिकाच्या किंवा वनाधिकाऱ्याच्या तोंडी यातला प्रत्येक शब्द अटींसकट येतो. विघटन होते म्हणजे कुठे, किती तापमानाला, किती दिवसांत, आणि मागे काय उरते? फूटप्रिंट मोजला तो कुठून कुठपर्यंत? नवीकरणीय म्हणजे किती वर्षांत पुन्हा भरून येणारे? जाहिरातदाराला खोटे बोलावेच लागते असे नाही. तो या अटी गाळतो आणि शब्द तेवढा ठेवतो. त्यामुळे त्याला पकडणेही अवघड जाते, कारण उरलेला शब्द कुठल्यातरी प्रयोगशाळेत, कुठल्यातरी तापमानाला खरा असतोच.

शाश्वततेची गोष्ट जर्मनीतल्या सॅक्सनीत सुरू होते, असे सहसा सांगतात. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींचा कारभार पाहणारा अधिकारी होता. धातू गाळायच्या भट्ट्यांना आणि खाणींच्या आधाराला लाकूड लागे, आणि आसपासची जंगले संपत आली होती. १७१३ साली त्याने वनव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला आणि जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे तोड अखंड चालू ठेवता येईल, हा हिशेब मांडला. तो निसर्गप्रेमी नव्हता. त्याला खाणी चालू ठेवायच्या होत्या. पण त्याच्या हिशेबाला आकडा होता आणि तो चुकला तर दहा वर्षांनी डोळ्यांना दिसला असता. १९८७च्या ब्रुंटलांड आयोगाच्या अहवालात हाच विचार जगभर गेला: आजच्या गरजा अशा भागवा, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात. व्याप्ती वाढली, नीतीची बाजू आली, आणि मोजमाप सैल झाले. पुढच्या पिढीच्या गरजा कोण मोजणार? या सैलपणात बँका, सिमेंट कारखाने, विमान कंपन्या आणि तयार कपड्यांची दुकाने सहज मावली. माझ्या मते ब्रुंटलांड अहवालाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो राष्ट्रांमधला समझोता होता आणि समझोत्याची भाषा सैलच असते. ती शर्टाच्या लेबलावर आणली, तिथे गडबड झाली.

या चारांपैकी जैवविघटनशील हा शब्द मी इथे जरा खोलात घेतो, कारण त्याच्या अटी हाताने तपासता येतात.

१९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कचरा टाकायच्या जागा भरत आल्याची ओरड होती. मोबिल या तेल कंपनीच्या रसायन विभागाने ‘हेफ्टी’ या आपल्या कचऱ्याच्या पिशव्यांवर त्या विघटनशील असल्याचे छापायला सुरुवात केली. पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये असे द्रव्य घातले होते, की उन्हात ठेवल्यावर तिचे तुकडे पडत. पण कचऱ्याची पिशवी उन्हात राहत नाही. ती ट्रकमधून खड्ड्यात जाते, तिच्यावर दुसरा कचरा येतो, त्यावर माती पडते. जो गुण खरा होता तो वापरायची संधीच पिशवीला मिळणार नव्हती. १९९०मध्ये काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कंपनीविरुद्ध दावे दाखल केले आणि कंपनीने तडजोड केली. त्यानंतर १९९२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हरित दाव्यांबाबतचे ‘ग्रीन गाइड्स’ काढले. २०१२च्या आवृत्तीतला निकष मला नेमका वाटतो: जी वस्तू नेहमीच्या कचऱ्यात जाते तिच्यावर कोणतीही अट न सांगता ‘विघटनशील’ असे लिहायचे असेल, तर ती टाकल्यापासून एका वर्षात पूर्ण विघटित व्हायला हवी. वस्तू प्रयोगशाळेत कुठे ठेवली याला तिथे महत्त्व नाही. ती प्रत्यक्षात कुठे जाते, ते पाहायचे.

प्रत्यक्षात ती जाते त्या जागी काय घडते हे त्याच सुमारास एक पुरातत्त्वज्ञ खणून पाहत होते. ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथ्जे यांनी १९७३मध्ये ‘गार्बेज प्रोजेक्ट’ सुरू केला, आणि १९८७पासून त्यांच्या चमूने कचऱ्याच्या दाबलेल्या डोंगरांत खोल छिद्रे पाडून थर बाहेर काढले. दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशी निघाली. थराचे वय ठरवायला त्यांवरच्या तारखाच उपयोगी पडल्या. कागदासारखी पक्की जैविक वस्तू जिथे वर्षानुवर्षे टिकते, तिथे प्लॅस्टिकच्या विघटनाची भाषा कुठल्या आधारावर करायची? दाबून बुजवलेल्या कचऱ्यात हवा जात नाही, ओल कमी असते, आणि जीवाणूंचे काम मंदावते. शिवाय हवेशिवाय जे काही कुजते त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहूनही जास्त उष्णता अडवतो. म्हणजे मिथेन गोळा करायची सोय नसलेल्या कचराभूमीत दावा खोटा निघाला तर पिशवी तशीच राहते, आणि खरा निघाला तर हवामानाचे नुकसान वाढते.

मग प्रमाणपत्र असलेली कंपोस्टेबल पिशवी म्हणजे काय? आपल्याकडे ती आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाला उतरावी लागते. चाचणी अशी असते. काचेच्या बंद भांड्यांत मुरलेले कंपोस्ट घेतात. काहींत नमुन्याचे बारीक तुकडे किंवा भुकटी मिसळतात, काहींत तुलनेसाठी सेल्युलोज, काहींत नुसतेच कंपोस्ट. सगळी भांडी ५८ अंश सेल्सिअसला, दोन अंश इकडे-तिकडे, धरतात. आत कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली हवा सोडतात आणि बाहेर येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड रोज मोजतात. नुसत्या कंपोस्टचा वजा केला, की उरतो तो पिशवीतल्या कार्बनचा. १८० दिवसांच्या आत ९० टक्के रूपांतर झाले पाहिजे. याखेरीज १२ आठवड्यांनी उरलेला माल दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. वर दहा टक्क्यांहून अधिक राहता कामा नये. जड धातू तपासतात, आणि त्या कंपोस्टमध्ये बी पेरून रोपे नीट उगवतात का तेही पाहतात.

चाचणी उत्तम आहे. सगळी मेख त्या ५८ अंशांत आहे. अशा ताटल्या आणि कप अनेकदा पीएलए नावाच्या पदार्थाचे असतात, जो मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतो. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली तो काचेसारखा कडक राहतो, त्याच्या लांब साखळ्यांत पाणी नीट शिरत नाही आणि त्या तुटत नाहीत. साखळ्या तुटून लहान झाल्याशिवाय जीवाणूंना त्या खाता येत नाहीत. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ढीग काही आठवडे एवढा तापतो. गच्चीवरच्या डब्यात, सोसायटीच्या खड्ड्यात किंवा शेताच्या बांधावरच्या उकिरड्यात ही उष्णता टिकत नाही. पुण्यामुंबईत घरी कंपोस्ट करणाऱ्या पुष्कळांना सहा-सहा महिने तशाच्या तशा राहिलेल्या ‘कंपोस्टेबल’ चमच्यांचा अनुभव आहे, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. घरगुती कंपोस्टसाठी युरोपात वेगळे प्रमाणपत्र देतात. त्याची चाचणी २० ते ३० अंशांवर घेतात आणि मुदत बारा महिन्यांची असते. एकाच शब्दाच्या या दोन अटींमधले अंतर लेबलावर क्वचितच दिसते.

प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी हे अंतर बाहेरच्या जगात मोजले आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. कंपोस्टेबल, बायोडिग्रेडेबल, ऑक्सो-बायोडिग्रेडेबल आणि साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांनी मातीत पुरल्या, समुद्रात बुडवल्या आणि उघड्यावर टांगल्या. तीन वर्षांनी मातीतून आणि समुद्रातून काढलेल्या बायोडिग्रेडेबल आणि ऑक्सो पिशव्यांत साध्या पिशवीसारखाच बाजार भरता येत होता. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती; फक्त ओझे पेलत नव्हती. एकाच पिशवीचे जागेनुसार दोन वेगळे निकाल, यापेक्षा स्पष्ट पुरावा मागायची गरज नाही.

ऑक्सो-बायोडिग्रेडेबल हा प्रकार मला सर्वांत कपटी वाटतो. साध्या पॉलिथिनमध्ये लोह, मँगेनीज किंवा कोबाल्टचे क्षार मिसळतात. ऊन आणि हवा लागल्यावर ते पॉलिथिनच्या साखळ्या तोडतात आणि पिशवीचा भुगा होतो. पाहणाऱ्याला पिशवी गेली असे वाटते, पण ती फक्त दिसेनाशी झालेली असते. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाने अशा प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारातून काढायला लावल्या. आपल्याकडे मार्च २०२४च्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या व्याख्येत ‘सूक्ष्मप्लॅस्टिक मागे न ठेवता’ ही अट आली आणि माती, कचराभूमी, सांडपाण्याचा गाळ, गोडे पाणी, समुद्र अशा ठिकाणांचा उल्लेखही आला. व्याख्या अशी कडक असली, की कारखान्याच्या प्रयोगशाळेला घाम फुटतो. तो फुटायलाच हवा.

इथे एक गैरसमज बाजूला केला पाहिजे, कारण संग्रहातल्या दोन लेखांचा तो गाभा आहे. वनस्पतीपासून केलेले म्हणजे कुजणारे, आणि तेलापासून केलेले म्हणजे न कुजणारे, असे नसते. ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन तयार होते. ते तेलाच्या पॉलिथिनइतकेच टिकाऊ असते. उलट प्रमाणित कंपोस्टेबल पिशव्यांत स्टार्चबरोबर जो पीबीएटी असतो, तो बहुतांशी खनिज तेलातूनच येतो आणि योग्य ढिगात कुजतो. म्हणून ‘मक्यापासून बनवलेली’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. पिशवीवर आयोडीनचा थेंब टाकून ती निळी झाली, की खरी, असा एक उपायही सांगितला जातो. आयोडीन फक्त स्टार्च आहे एवढे सांगते. पॉलिथिनमध्ये थोडे स्टार्च मिसळून तीही निळी करता येते. त्यापेक्षा पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, मानकाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का ते वाचावे, आणि तो उत्पादक मंडळाच्या यादीत आहे का ते पाहावे. नुसते ‘बायोडिग्रेडेबल’ आणि पान असेल, तर त्या पिशवीला साधी प्लॅस्टिकची पिशवीच समजावे.

आणि प्रमाणपत्र खरे निघाले तरी प्रश्न संपत नाही. कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात कंपोस्टेबल आणि साधी पिशवी सारख्याच दिसतात, सारख्याच लागतात. साधी, स्वच्छ पिशवी भंगारात विकली जाते; कंपोस्टेबलला भंगारवाला भाव देत नाही, आणि ती चुकून मालात मिसळली, तर पुनर्वापराचे प्लॅस्टिक कमकुवत होते. कंपोस्टच्या ओल्या कचऱ्यात गेली, तर तिथला माणूस सगळ्याच पिशव्या प्लॅस्टिक समजून उपसून बाजूला काढतो. त्याचा नाइलाज असतो. मग दोन्ही पिशव्या देवनारसारख्या एखाद्या डोंगरावर एकत्र पोहोचतात. पुण्यात १९९३पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि पुढे ‘स्वच्छ’ यांच्याबरोबर काम करणाऱ्या कचरावेचकांना हा सगळा प्रवास पाठ आहे. कचऱ्याविषयी जाहिरातीत बोलणारे मात्र त्यांना क्वचितच विचारतात.

कार्बन फूटप्रिंटवर इतके थांबायची गरज नाही, कारण त्याचा ताण वेगळ्या जातीचा आहे. १९९०च्या दशकात विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ ही कल्पना मांडली. शहराला किंवा देशाला जगवायला किती जमीन आणि पाणी लागते, असा त्यांचा प्रश्न होता. २०००च्या दशकात बीपी या तेल कंपनीने, ‘बियॉन्ड पेट्रोलियम’ हे बोधवाक्य मिरवत असतानाच, माणसागणिक कार्बन फूटप्रिंट काढायचे कॅल्क्युलेटर जाहिरातींतून लोकप्रिय केले. हिशेब खोटा नव्हता. पण तो तेल काढणाऱ्याच्या दारातून उचलून तेल भरणाऱ्याच्या दारात आणून ठेवला गेला. या खेळाचा नमुना जुना आहे. १९७१मध्ये अमेरिकेत कचरा पाहून रडणाऱ्या मूलनिवासी माणसाची जाहिरात गाजली, आणि प्रदूषण माणसे करतात, ती माणसेच थांबवू शकतात, असा तिचा सांगावा होता. ती काढणाऱ्या ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ संस्थेच्या पाठीशी बाटल्या आणि डबे बनवणाऱ्या कंपन्या होत्या. रडणारा नट इटालियन वंशाचा होता, हे पुढे कळले.

भारतात या हिशेबाला दिलेले उत्तर आपल्याला अधिक जवळचे आहे. १९९१मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका पुस्तिकेत जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन असा भेद मांडला. भातशेतीतला मिथेन आणि मोटारीच्या धुराड्यातला कार्बन एकाच ओळीत जमा करू नयेत, हा त्यांचा आग्रह होता. किती किलो, एवढे सांगून भागत नाही. कशासाठी आणि कोणाचे, हेही सांगावे लागते. आज ‘कार्बन न्यूट्रल’ असे छापलेल्या पुडक्यावर हा भेद मुळीच नसतो. बहुतेकदा त्यामागे दुसरीकडे लावलेल्या झाडांचे क्रेडिट विकत घेतलेले असते, आणि ती झाडे एरवीही लावली गेली असती का, वीस वर्षांनी उभी असतील का, हे पुडक्यावर लिहायची सोय नाही.

नवीकरणीयबद्दल एवढेच. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधले ड्रॅक्स वीजकेंद्र कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या जाळते, आणि आंतरराष्ट्रीय हिशेबाच्या रीतीप्रमाणे त्या धुराची नोंद जंगल जिथे तोडले त्या देशाच्या खात्यात होते; चिमणीपाशी शून्य दिसते. तोडलेले झाड पुन्हा वाढते हे खरे, पण वाढायला दशके लागतात आणि जळायला मिनिटे. २०२४मध्ये लाकडाच्या स्रोताची माहिती नीट दिली नाही म्हणून ड्रॅक्सला अडीच कोटी पौंड भरावे लागले. आपल्याकडे साखर कारखान्यातल्या उसाच्या चिपाडापासून होणारी वीज नवीकरणीय म्हणून मोजली जाते, आणि ते बरोबरही आहे: पुढच्या हंगामात चिपाड परत येते. प्रश्न चिपाडाचा नसून त्यामागच्या पाण्याचा आहे. दुष्काळी तालुक्यात उभ्या असलेल्या उसाला लागणारे पाणी त्याच वेगाने परत येते का? हिशेबाची रेघ कारखान्याच्या फाटकाशी ओढली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

या सगळ्यावर लिहिणाऱ्यांच्या ढोबळमानाने तीन परंपरा आहेत. पहिली भाषेचे ढोंग दाखवणाऱ्यांची. १९८६मध्ये जे वेस्टरवेल्ड यांनी, पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा असे पाहुण्यांना सांगणाऱ्या हॉटेलांवर लिहिताना ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द वापरला. २००७मध्ये टेराचॉइस या कॅनडातल्या संस्थेने अशा दाव्यांची ‘सहा पापे’ मांडली आणि दोन वर्षांनी त्यांत सातवे घातले. हे लेखन वाचायला चुरचुरीत असते, पण बरेचदा उपरोधावर थांबते.

दुसरी परंपरा मोजणाऱ्यांची. १९६९ साली कोका-कोलाने बाटल्यांच्या प्रकारांची तुलना करवून घेतली तिथपासून वस्तूच्या जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब करण्याची पद्धत वाढत गेली. या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८च्या अहवालात दिसतात. सुती पिशवी फक्त हवामानाच्या निकषावर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी साधायला सुमारे ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७,१००च्या घरात. हा दुसरा आकडा समाजमाध्यमांवर प्लॅस्टिकवाल्यांनी आनंदाने फिरवला. तो एकाच निकषामुळे, ओझोन थराला होणाऱ्या हानीमुळे, एवढा फुगलेला आहे, आणि पिशवी उडून गटारात अडकते ही गोष्ट त्या हिशेबात जवळजवळ नाहीच, हे सांगायचे मात्र राहिले. मोजणाऱ्यांचे आकडेही, तात्पर्य, अटी गाळून विकता येतात.

तिसरी परंपरा कायद्याची. तीच आज सर्वांत वेगाने बदलते आहे, म्हणून हे पुस्तक आत्ता निघते आहे. भारतात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, पर्यावरणीय दाव्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२४पासून लागू केली. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे शब्द पुरेशा आणि नेमक्या खुलाशाशिवाय वापरू नयेत, आणि कंपोस्टेबल, रिसायकलेबल, नवीकरणीय अशा ठोस दाव्यांमागे विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थाची पडताळणी असावी, असे ती सांगतात. पुरावा क्यूआर कोडने द्यायचीही मुभा आहे. युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशानुसार असे मोघम दावे, आणि क्रेडिट विकत घेऊन केलेले ‘न्यूट्रल’चे दावे, सप्टेंबर २०२६पासून बंद व्हायचे आहेत. फ्रान्सने तर वस्तूवर आणि वेष्टनावर ‘जैवविघटनशील’ हा शब्दच छापायला मनाई केली.

आपल्याकडच्या ग्राहक प्राधिकरणाच्या तत्त्वांतली एक फट मात्र वाचकाने लक्षात ठेवावी. कंपनीने आपल्या ध्येयधोरणात ‘आमची वाढ शाश्वत तत्त्वांवर असेल’ असे म्हटले आणि ते एखाद्या विशिष्ट वस्तूशी जोडले नाही, तर ते ग्रीनवॉशिंगमध्ये मोडत नाही. माझा अंदाज असा, की वस्तूंवरचे हिरवे शब्द हळूहळू कमी होतील आणि कंपन्यांच्या नावाभोवतीचे वाढतील. पिशवी गप्प होईल, होर्डिंग बोलू लागेल.

आता या संग्रहाविषयी. यात लिहिणारे रसायनशास्त्राचे अध्यापक आहेत, ग्राहक न्यायालयात काम करणारे वकील आहेत, जाहिरात संस्थांत कॉपी लिहून बाहेर पडलेले दोघे आहेत आणि कचरावेचकांच्या संघटनेत वर्षानुवर्षे राहिलेले कार्यकर्ते आहेत. सगळ्यांचे एकमत नाही. रसायनवाल्यांना प्रमाणित कंपोस्टेबल पिशवीत आशा दिसते. कचरावेचकांबरोबर काम करणाऱ्यांना ती पिशवी नकोच आहे, कारण तिने त्यांचा माल बिघडतो. संपादनात हा तंटा मिटवायचा प्रयत्न केलेला नाही. दोघांच्याही लेखांत एकाच पिशवीचा प्रवास आहे, फक्त एकाने तो ढिगापाशी सुरू केला आहे आणि दुसऱ्याने कचऱ्याच्या डब्यापाशी.

लेखकांना एकच अट घातली होती. लेखात पर्यावरणाचा जो शब्द येईल त्याच्यासोबत त्याची अटही यावी: कुठे, किती काळात, कोणत्या रेघेपर्यंत, कोणी तपासले. काही मसुदे यासाठी परत पाठवावे लागले, आणि परत आले तेव्हा ते लांबले होते, थोडे अडखळतही होते. ते तसेच छापले आहेत. उत्पादनांची चांगली-वाईट यादी मात्र या पुस्तकात नाही. प्रमाणपत्रे रद्द होतात, नवी मिळतात, नियमांत दुरुस्त्या येतात. अशी यादी छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत शिळी झाली असती. त्याऐवजी शेवटी नियमांतल्या व्याख्यांचा मराठी मजकूर दिला आहे. तो रटाळ आहे, पण दुकानदाराशी वाद घालताना उपयोगी पडतो.